वारस दाखला (ठाणे व कल्याण-डोंबिवली)

वारस दाखला म्हणजे मृत व्यक्तीचे कायदेशीर वारस कोण, याची सक्षम न्यायालयाने किंवा कार्यालयाने लेखी दिलेली मान्यता. महाराष्ट्रात हा दाखला मुख्यतः दिवाणी न्यायालय देते. त्याचा आधार १८२७ चा मुंबई विनियम ८ हा आहे. तमिळनाडूसारख्या काही राज्यांत असा दाखला तहसीलदार देतो. त्यामुळे तेथील माहिती वाचून ठाणे जिल्ह्यात थेट तहसील कार्यालयात गेलेल्या अर्जदाराची अनेकदा निष्कारण खेप होते.

दाखल्याचे प्रकार

‘वारस दाखला’ हा एकच शब्द व्यवहारात निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. वडिलांच्या नावावर काय होते, यावरून कोणता कागद लागेल हे ठरते.

सदनिका, दुकान किंवा घर असल्यास वर उल्लेखिलेल्या विनियमाखालील वारस दाखला मागितला जातो. बँकेतील ठेवी, समभाग, रोखे आणि येणे असलेल्या रकमा यांसाठी भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ खालील उत्तराधिकार प्रमाणपत्र लागते. बँकेत नामनिर्देशन केलेले असेल किंवा रक्कम बँकेने ठरवलेल्या मर्यादेत असेल, तर बहुधा त्याची गरज पडत नाही. शेतजमिनीसाठी न्यायालयात जाण्याचे सहसा कारण नसते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ नुसार वारसांनी तीन महिन्यांत तलाठ्याला कळवावयाचे असते, आणि त्यावरून फेरफार होऊन सातबारावर वारसांची नावे लागतात. कल्याण-डोंबिवली परिसरातील २७ गावांमध्ये एकाच कुटुंबाकडे सदनिका आणि सातबाऱ्यावरील जमीन असे दोन्ही आढळते. अशा कुटुंबाला दोन्ही मार्ग स्वतंत्रपणे चालावे लागतात.

वडील शासकीय सेवेत असतील, तर निवृत्तिवेतनाच्या कामासाठी तहसील कार्यालयाचा दाखला वापरला जातो. तो दाखला सदनिकेच्या हस्तांतरणासाठी पुरेसा मानला जाईलच असे नाही.

कोणत्या न्यायालयात

उत्तराधिकार प्रमाणपत्राचा अर्ज मृत व्यक्ती मृत्युसमयी जेथे सामान्यतः राहत होती, त्या क्षेत्रातील न्यायालयात करावयाचा असतो. वारस दाखल्यासाठीही व्यवहारात तेच पाहिले जाते. डोंबिवली हे कल्याण तालुक्यात येते, म्हणून तेथील रहिवाशांचे अर्ज कल्याण न्यायालयात आणि ठाणे शहरातील रहिवाशांचे ठाणे न्यायालयात दाखल होतात.

मृत्यू दाखल्याचा नियम मात्र वेगळा आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार मृत्यू जेथे घडला तेथेच त्याची नोंद होते. डोंबिवलीत राहणारा माणूस मुंबईतील रुग्णालयात मरण पावला, तर दाखला बृहन्मुंबई महानगरपालिकेकडून मिळतो. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेकडे त्याची नोंद सापडत नाही. रुग्णालयात दिलेला पत्ता त्या दाखल्यावर येतो. घाईत मुलाचा किंवा नातेवाइकाचा पत्ता दिला गेला असेल, तर मृत व्यक्तीचा खरा रहिवास दाखवण्यासाठी शिधापत्रिका, आधार कार्ड किंवा वीजदेयक जोडावे लागते.

कागदपत्रे

मृत्यू दाखला, मृत व्यक्ती व सर्व वारस यांचे ओळखीचे व पत्त्याचे पुरावे, नाते दाखवणारी कागदपत्रे (शिधापत्रिका, जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला) आणि मालमत्तेची कागदपत्रे (नोंदणीकृत करारनामा, सूची क्रमांक २, संस्थेचे भाग प्रमाणपत्र, ठेव पावत्या) असा हा संच असतो. अर्जासोबत शपथपत्र व वकीलपत्र असते. इतर वारसांची संमती असल्यास तीही शपथपत्रावर घेतात.

सर्वाधिक अडचण नावांची येते. करारनाम्यावर पूर्ण नाव, भाग प्रमाणपत्रावर आद्याक्षरे आणि मृत्यू दाखल्यावर तिसरेच लेखन असेल, तर ही तिन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे अर्जात स्पष्टपणे लिहावे लागते. मृत्यू दाखल्यातील चूक निबंधकाकडून आधीच दुरुस्त करून घेणे श्रेयस्कर. न्यायालयाचा दाखला एकदा निघाल्यावर चूक दुरुस्त करण्यासाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. विवाहित मुलीचे माहेरचे व सासरचे नाव जोडण्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला उपयोगी पडतो.

वारसांची यादी

अर्जाचे यश या यादीवर अवलंबून असते. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता वारल्यास हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार त्याची पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे वर्ग १ चे वारस ठरतात. विवाहित मुलीचा हक्क मुलाइतकाच असतो. मृताची आई, म्हणजे मुलांची आजी, हिचे नाव मात्र कुटुंबांकडून वारंवार विसरले जाते. मृताचे वडील हयात असले तरी ते वर्ग १ मध्ये येत नाहीत. मुस्लिम कुटुंबात वाटे व्यक्तिगत कायद्यानुसार ठरतात आणि ख्रिस्ती कुटुंबात १९२५ च्या अधिनियमानुसार.

एक उदाहरण घेता येईल. डोंबिवलीतील एका विधवा आजीचा मुलगा मृत्युपत्र न करता वारला. त्याच्यामागे पत्नी, एक मुलगा, दोन मुली आणि आई आहेत, तर स्वतःच्या कमाईची एक सदनिका आहे. पाचही जणांना प्रत्येकी १/५ वाटा मिळतो. आता वारस दाखल्यापूर्वीच, मृत्युपत्र न करता, आजीही वारली असे समजू. तिचा १/५ वाटा सुनेकडे जात नाही, तर तो तिच्या अपत्यांकडे जातो. तिला आणखी एक मुलगा व एक मुलगी असल्यास त्या वाट्याचे तीन भाग होतात: काकांना १/१५, आत्याला १/१५ आणि वारलेल्या मुलाच्या तीन मुलांना मिळून १/१५. अखेरीस पत्नीकडे ९/४५, प्रत्येक अपत्याकडे १०/४५ आणि काका व आत्या यांच्याकडे प्रत्येकी ३/४५ वाटा राहतो. ज्या घरात काका-आत्यांचा कधी संबंध नव्हता, त्या घराच्या विक्रीखतावर आता त्यांच्याही सह्या लागतात. आजी हयात असताना तिने नोंदणीकृत हक्कसोडपत्र केले असते, तर हा गुंता टळला असता.

न्यायालयातील कार्यवाही

अर्ज दाखल झाल्यावर न्यायालय जाहीरनामा काढते. विनियमाखालील अर्जात हरकतींसाठी एक महिन्याची मुदत असते, आणि जाहीरनामा सहसा वृत्तपत्रातही छापला जातो. संमती न दिलेल्या वारसांना नोटीस बजावली जाते. परदेशी राहणाऱ्या किंवा पत्ता बदललेल्या वारसाला नोटीस न पोहोचणे हे तारखा लांबण्याचे एक प्रमुख कारण आहे. हरकत न आल्यास अर्जदाराचा पुरावा शपथपत्रावर घेऊन आदेश होतो. हरकत आल्यास तीवर सुनावणी होते.

उत्तराधिकार प्रमाणपत्राच्या अर्जात प्रत्येक ठेव व समभाग यांचा तपशील द्यावा लागतो, आणि न्यायालयीन शुल्क त्यांच्या मूल्यावर ठरते. यादीत नसलेली ठेव नंतर आढळल्यास प्रमाणपत्राचा विस्तार मागता येतो. हे प्रमाणपत्र देताना न्यायालय जामीनही मागू शकते. महत्त्वाची वस्तुस्थिती दडवून मिळवलेले प्रमाणपत्र रद्द होऊ शकते. वगळलेली बहीण याच आधारावर न्यायालयात येते.

दाखल्यानंतर

वारस दाखल्याने मालकी निर्माण होत नाही. मालमत्तेची व्यवस्था तूर्त कोणाकडे आहे एवढेच त्यातून दिसते, आणि मालकीचा वाद वेगळ्या दाव्यात चालू शकतो. नामनिर्देशनाची स्थितीही अशीच आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ मध्ये घातलेल्या कलम १५४ब-१३ नुसार गृहनिर्माण संस्था मृत सभासदाचे हक्क मृत्युपत्र, उत्तराधिकार प्रमाणपत्र, वारस दाखला किंवा कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त यांच्या आधारे हस्तांतरित करते. नामनिर्देशित व्यक्तीला तोपर्यंत तात्पुरते सभासदत्व मिळते. समभागांबाबत नामनिर्देशनाने वारसाहक्क बाजूला सारला जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने शक्ती येझदानी प्रकरणात डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले. सदनिका एकाच वारसाच्या नावे करावयाची असल्यास इतरांचे हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागते. साध्या कागदावरील संमतीने ते काम होत नाही.