लाँचची जाहिरात कशी वाचायची? एक नंबर, एक तारीख आणि एक आकडा

माझ्या पीएचडीचा विषय घर-खरेदीतली माहिती हा आहे, म्हणजे विकणाऱ्याला काय ठाऊक असतं, घेणाऱ्याला काय सांगितलं जातं आणि मधलं काय गळतं. त्यामुळे बीड बायपास, सातारा परिसर, चिकलठाणा इथल्या नव्या स्कीमची पत्रकं मी जपून ठेवतो. घरचे त्याला रद्दी म्हणतात. आज त्या रद्दीतूनच एक जाहिरात घेऊ. नाव कोणाचंच नाही, आकडे मी उदाहरणासाठी बसवले आहेत, पण भाषा तुम्ही शंभर वेळा वाचलेली आहे:

«भव्य शुभारंभ! 2 बीएचके, 1050 चौ. फूट, फक्त 42 लाख. पझेशन दिवाळी 2027. महारेरा नोंदणीकृत.»

आधी शेवटचे दोन शब्द. रेरा कायद्याच्या कलम 11 नुसार जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता ठळकपणे द्यावाच लागतो. «महारेरा नोंदणीकृत» हे नुसतं विशेषण झालं, क्रमांक नव्हे. 1 ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्रात जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा आहे, आणि तो नसेल तर 50 हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. कोड स्कॅन केला की थेट त्या प्रकल्पाचं पान उघडलं पाहिजे. बिल्डरची स्वतःची वेबसाइट उघडली, तर तो महारेराचा कोडच नाही.

क्रमांक छापलेला असला तरी तो कोणाचा आहे ते बघा. 2017 पासून पहिली काही वर्षं दिलेले आपल्या जिल्ह्यातले प्रकल्प क्रमांक P515 ने सुरू होतात. 515 हा 2011 च्या जनगणनेतला औरंगाबाद जिल्ह्याचा कोड. अलीकडच्या क्रमांकांची मांडणी वेगळी आहे, म्हणून केवळ सुरुवातीवरून खरं-खोटं ठरवू नका. पण क्रमांक A ने सुरू होत असेल तर थांबा, कारण तो एजंटचा नोंदणी क्रमांक असतो. एजंट नोंदणीकृत आहे म्हणून इमारतही नोंदणीकृत ठरत नाही. दुसरी गडबड टप्प्यांची. फेज 1 चा क्रमांक दाखवून फेज 2 चे फ्लॅट बुक केले जातात. संकेतस्थळावर (maharera.maharashtra.gov.in) क्रमांक टाका आणि तुम्हाला दाखवलेली विंग त्या यादीत आहे का ते तपासा.

क्रमांक नसणं नेहमीच गुन्हा असतो असंही नाही. जमीन 500 चौ. मीटरपेक्षा जास्त नसेल, किंवा फ्लॅट आठपेक्षा जास्त नसतील, तर नोंदणी लागत नाही. आपल्याकडे छोट्या रो-हाऊसच्या स्कीम भरपूर, त्यातल्या काही यात बसतात. मोठ्या प्रकल्पाने मात्र «प्री-लाँच» म्हणून नोंदणीआधी टोकन घेणं कलम 3 मध्ये बसत नाही. प्लॉटिंगलाही हेच लागू.

आता 1050. हा आकडा नेमका कशाचा, हे जाहिरात सांगत नाही, आणि खरा घोळ इथेच आहे. कायद्याने विक्रीचं माप एकच ठरवलंय: कार्पेट एरिया. त्यात घराच्या बाहेरच्या भिंती, डक्ट, तुमची बाल्कनी आणि उघडी टेरेस धरत नाहीत. घरातल्या मधल्या भिंतींखालची जागा मात्र धरतात. समजा संकेतस्थळावर याच फ्लॅटचा कार्पेट 61 चौ. मीटर दिलाय. 10.764 ने गुणा: साधारण 657 चौ. फूट. बाल्कनी 5 चौ. मीटर, म्हणजे आणखी 54. उरलेले सुमारे 340 फूट म्हणजे बाहेरच्या भिंती, जिना, लिफ्ट, लॉबी यांतला तुमच्या नावे लावलेला हिस्सा.

भावावर याचा परिणाम बघा. 42 लाख भागिले 1050 म्हणजे 4000 रुपये फूट, स्वस्त वाटतं. कार्पेटवर तोच भाव जवळपास 6390 होतो. शेजारच्या बिल्डरने सरळपणे «कार्पेट 690 चौ. फूट, 43 लाख» असं छापलं असेल, तर त्याचा भाव 6230 च्या आसपास पडतो. म्हणजे लहान आणि महाग दिसणारा फ्लॅट प्रत्यक्षात मोठा आणि फुटामागे स्वस्त निघाला! खरं सांगणाऱ्याची जाहिरात फिकी दिसते, ही त्या बिल्डरची खरी अडचण आहे, आणि माझ्या संशोधनाचा प्रश्नही यातूनच निघतो.

एक सावधगिरी. ताबा घेताना टेप लावून खोल्या मोजल्या तर बेरीज 657 भरणार नाही, म्हणून लगेच भांडू नका. आतल्या भिंतींची एकूण लांबी 20 मीटर आणि जाडी 12 सेंटिमीटर धरली तर 2.4 चौ. मीटर, म्हणजे 26 फूट त्यांच्याखालीच जातात. फरक त्याहून बराच जास्त असेल तर मग विचारा. महाराष्ट्राच्या नमुना करारात कार्पेटमधल्या फरकाला 3 टक्क्यांची मर्यादा घातलेली आहे.

राहिली तारीख. «दिवाळी 2027» ही एक. संकेतस्थळावर बिल्डरने स्वतः घोषित केलेली पूर्णत्वाची तारीख ही दुसरी, आपल्या उदाहरणात 30 जून 2028. आणि नोंदणीकृत करारनाम्यात लिहिलेली तिसरी, धरू 31 डिसेंबर 2027. उशीर झाला तर मोजायची कुठून? कलम 18 करारातल्या तारखेकडे बोट दाखवतं. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये नीलकमल रिअल्टर्स प्रकरणात हे स्पष्ट केलं: बिल्डरला रेराकडे नवी तारीख घोषित करता येते, पण त्यामुळे ग्राहकाशी आधी झालेला करार बदलत नाही. म्हणून संकेतस्थळावर «सुधारित तारीख» दिसली तरी तुमची तारीख आपोआप पुढे सरकत नाही. तुम्ही पुरवणी करारावर सही केलीत, तर मात्र प्रश्न वेगळा.

समजा तुम्ही 30 लाख भरलेत आणि प्रकल्पात राहायचंय. व्याजदर स्टेट बँकेचा सर्वांत जास्त एमसीएलआर अधिक 2 टक्के असा ठरतो. हिशेबापुरते 11 टक्के धरले तर उशिराच्या प्रत्येक महिन्याला 27,500 रुपये. जानेवारी ते जून 2028, सहा महिन्यांचे 1 लाख 65 हजार. हा सगळा फरक करारातल्या एका ओळीचा आहे. त्यामुळे सही करताना त्या ओळीत «सहा महिन्यांचा वाढीव काळ» घुसलाय का ते नक्की बघा. एकूण किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम करार नोंदवल्याशिवाय घेता येत नाही, तेव्हा करार आधी मागायचा हक्क तुमचाच आहे.

मग पत्रकावरची दिवाळी वाया गेली का? नाही. जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे दिले आणि त्यामुळे नुकसान झालं, तर कलम 12 भरपाई देतं, आणि बाहेर पडायचं असेल तर व्याजासह परतावाही. त्यासाठी ती जाहिरात हाताशी लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं पत्रक, होर्डिंगचा फोटो, तारखेसकट ठेवा. माझ्यासारखी रद्दी जमवा म्हणा ना.

तर हीच जाहिरात खरेपणाने लिहिली तर अशी होईल:

«2 बीएचके. कार्पेट 61 चौ. मी. (657 चौ. फूट), बाल्कनी वेगळी 5 चौ. मी. किंमत 42 लाख. मुद्रांक शुल्क, नोंदणी, जीएसटी वेगळे. महारेराकडे घोषित पूर्णत्व: 30 जून 2028. ताबा भोगवटा प्रमाणपत्रानंतर, करारातील तारखेनुसार. टप्पा 1, विंग ए व बी. महारेरा क्र. P515XXXXXXXX, maharera.maharashtra.gov.in» आणि बाजूला क्यूआर कोड.

दिवाळी गेली, 1050 गेले. पण आता ही जाहिरात शेजारच्या जाहिरातीशेजारी ठेवून तुलना करता येते, जे आधी शक्यच नव्हतं. पुढच्या पोस्टमध्ये 70 टक्के पैसे वेगळ्या खात्यात ठेवण्याचा नियम घेऊ. तोवर घरात एखादं पत्रक पडलं असेल, तर त्यावरचा क्रमांक टाकून बघा आणि पानावरची तारीख काय निघाली ते मला कळवा.