पाच जण, दहा मिनिटं

वर्गात प्रेझेंटेशनला दहा मिनिटं मिळाली की पाच जणांचा गट सरळ दोन-दोन मिनिटं वाटून घेतो. हिशेब चोख दिसतो, पण माईक चार वेळा हात बदलतो आणि त्यातच अर्धं-पाऊण मिनिट जातं.

समजा, विषय सोसायटीतल्या ओल्या कचऱ्याचा आहे. घरोघरी फिरून वजनं टिपली ती गटातल्या सगळ्यात अबोल मुलीने. तिला प्रस्तावना देऊ नये. सुरुवातीचा ताण सर्वाधिक असतो. दुसऱ्या क्रमांकावर एकच आलेख द्यावा, दीड मिनिटाचा. स्वतः मोजलेले आकडे सांगायला पाठांतर लागत नाही. स्लाइड बनवणाऱ्यालाही थोडं बोलू द्यावं, नाहीतर गुण देताना त्याचं काम दिसतच नाही. बोलक्या मुलाला सुरुवात द्यावी, पण मिनिटभराचीच (तो कुरकुरेल, कुरकुरू दे). उरलेले दोघे कारणं आणि उपाय सांगतील.

खरी गडबड प्रश्नोत्तरांत होते. बोलका सगळ्यांची उत्तरं देऊन टाकतो. म्हणून आधीच ठरवावं: ज्याचा भाग, त्याचं उत्तर, इतरांनी नंतर भर घालावी. तालमीत कुणी पडद्याकडे तोंड करून वाचू लागला, तर तो भाग त्याचा नाही, हे ओळखून अदलाबदल करावी.