जनाजा किती वाजता? माइकवर बोलण्याचे शब्द

मस्जिदीच्या माइकवरून मय्यतीची खबर सुरू झाली की सारा मोहल्ला कान टवकारतो. दोन मिनिटांत घोषणा संपते आणि लगेच घराघरांतून विचारणा सुरू होते. कोण गेले? नसीरभाई की नजीरभाई? साडेपाच म्हणाले की साडेसात? ज्याने चुकीचे ऐकले त्याची जनाज्याची नमाज हुकते. कधी कधी तर हयात माणसाच्या दारात लोक पुरशासाठी जाऊन उभे राहतात.

दोष दर वेळी माइकचा नसतो. आवाज मोठा असूनही शब्द कळत नाही, त्याचे कारण बहुधा शब्दातच असते. आ, ई, ऊ हे स्वर दमदार असतात, ते दूरवर पोचतात. व्यंजने नाजूक. स, श, फ, थ यांचा आवाज तर फारच बारीक. घुमटाखालच्या फरशीवरून आणि भिंतींवरून आवाज परत फिरतो, तेव्हा आधीच्या स्वराचा घुमारा पुढच्या व्यंजनावर चढतो. त्यामुळे नसीर, नजीर, बशीर ही तिन्ही नावे लांबून जवळजवळ एकच होतात, कारण त्यांचे स्वर सारखे आहेत. पाच, सात आणि आठ यांचेही तेच. मधला ‘आ’ तेवढा ऐकू येतो. वय वाढले की कानाची शक्ती आधी बारीक आवाजांपाशी कमी होते. म्हणून दादीजानसाठी आवाज वाढवला तरी उपयोग थोडाच. तिला ‘आ’ आधीही ऐकू येत होता, हवा होता तो ‘स’.

समजा, एखाद्या गावात असा कागद लिहून माइकवर वाचला गेला: “मोहल्ल्यातील समस्त बांधवांस कळविण्यास अत्यंत दुःख होते की, नसीरभाई यांचे वडील बशीरभाई यांचा अल्पशा आजाराने इन्तिकाल झाला असून त्यांच्या जनाज्याची नमाज साडेपाच वाजता कब्रस्तानात अदा करण्यात येणार असून जामा मस्जिदीत होणार नाही, याची नोंद घ्यावी.”

कागदावर यात काही चूक नाही. कानाला मात्र ते जड आहे. पहिले नाव आले ते नसीरभाईंचे, आणि ते तर हयात आहेत. चुलीजवळ उभ्या बाईने ‘दुःख’ आणि ‘नसीरभाई’ एवढेच ऐकले तर तिने काय समजावे? पुढे त्याच सुराचे बशीरभाई आले. ‘कळविण्यास अत्यंत’, ‘समस्त बांधवांस’ अशा जोडाक्षरांच्या रांगेत वाचणाऱ्याचीही जीभ अडखळते. कच्च्या-पक्क्या पापडाचा खेळ मुलांसाठी ठीक आहे, मय्यतीच्या घोषणेत तो नको.

सगळ्यात धोक्याचा आहे शेवटचा ‘नाही’. आपल्या मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो आणि नेमका तिथेच बोलणाऱ्याचा श्वास संपतो. ‘जामा मस्जिदीत होणार नाही’ यातला ‘नाही’ विरला की उरते ‘जामा मस्जिदीत होणार’. अर्थ उलटा झाला, आणि ऐकणाऱ्याला शंकाही येत नाही, कारण वाक्य पूर्ण वाटते. ‘उद्या पाणी येणार नाही’ याचीही हीच गत. त्याऐवजी ‘उद्या पाणी बंद’ म्हटले तर ऐकण्यात घोटाळा उरत नाही. माइकवर शक्यतो नकार टाळावा आणि जे होणार आहे तेवढेच सांगावे.

तोच कागद आम्ही असा लिहू:

“मय्यतीची खबर आहे. बशीरचाचा घड्याळवाले. कुंभार गल्लीतले. त्यांचा इन्तिकाल झाला. जनाज्याची नमाज कब्रस्तानात. आज असरनंतर, मगरिबच्या आधी. संध्याकाळी साडेपाच.”

प्रत्येक पूर्णविरामाला मनात एक-दोन मोजावे. मोहल्ल्यात भोंगे दोन-तीन ठिकाणी असतील तर हे थांबणे आणखी गरजेचे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे १७० मीटर जास्त लांब असलेल्या भोंग्याचा शब्द आपल्याकडे अर्धा सेकंद उशिरा पोचतो. न थांबता बोलल्यास मागचा शब्द पुढच्यावर आदळतो.

‘घड्याळवाले’ आणि ‘कुंभार गल्ली’ ही भर उगाच नाही. नुसते नाव एका अक्षरावर उभे असते. धंदा आणि गल्ली जोडली की एक शब्द निसटला तरी दुसरा ओळख पटवतो. मुलाचे नाव सांगायचेच तर मागाहून सांगावे. वेळेलाही असाच दुहेरी आधार दिला आहे. ‘साडेपाच’ नीट कळले नाही तरी असर आणि मगरिब यांच्यामध्ये साडेसात बसत नाहीत, हे कोणीही ओळखेल. मग हीच घोषणा दुसऱ्यांदा सांगावी, पण शब्द तेच ठेवावेत. काहीजण दुसऱ्या वेळी ‘इन्तिकाल’च्या जागी ‘निधन’ आणि ‘कब्रस्तान’च्या जागी ‘दफनभूमी’ म्हणतात. ऐकणारा पहिल्या वेळी हुकलेला शब्द शोधत असतो, त्याला तो सापडत नाही.

आता फोन नंबरांकडे. आपली मराठी संख्यानामे ऐकायला अवघड आहेत, हे मान्य करायला हरकत नाही. ‘एकोणसाठ’चा पहिला तुकडा गळला की साठ उरतात. पंचावन्न आणि पंच्याण्णव यांचे तोंड सारखे, फरक शेपटीत. शिवाय एकक आधी, दशक नंतर. ‘चौऱ्याऐंशी’ ऐकताना घाईत लिहिणाऱ्याचा हात आधी ४ कडे जातो. उर्दूत बोलणाऱ्या घरांत उन्नासी आणि नवासी यांचा गोंधळ असतोच. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असे वाचन आले, तेव्हा राज्यभर वाद झाला. पाठ्यपुस्तकाचा वाद ज्याचा त्याला. माइकवर आणि फोनवर मात्र आम्ही जोड्या पूर्ण टाळू. ९५५९ हे ‘पंच्याण्णव, एकोणसाठ’ नव्हे, तर ‘नऊ, पाच, पाच, नऊ’. रुग्णवाहिकेचा १०८ हा ‘एक, शून्य, आठ’.

सुटे अंकही फसवू शकतात. इंग्रजीत फाइव्ह आणि नाइन यांचा स्वर एक, म्हणून विमानांच्या रेडिओवर नऊला ‘नाइनर’ म्हणतात. जर्मन लोक दोनला ‘त्स्वाय’ म्हणतात, ते तीनच्या ‘द्राय’सारखे वाटते, म्हणून फोनवर ‘त्स्वो’ म्हणतात. मराठीत अशी ठरलेली सोय नाही. सात-आठ किंवा सात-साठ अशी शंका असेल तेव्हा ‘सात, सहाच्या पुढचा’ असे सांगावे. बोलायला जरा विचित्र वाटेल, पण नंबर बरोबर लागेल. फोनवर तर हे जास्तच लागते, कारण साध्या फोनच्या तारेतून सुमारे ३४०० हर्ट्झच्या वरचे आवाज जातच नाहीत, आणि ‘स’चा बराचसा जोर त्याच्या वर असतो.

कागद बरोबर उतरला की नाही हे पाहायला फार काही लागत नाही. गल्लीच्या टोकाला एखाद्या मुलाला पाठ करून उभे करावे आणि घोषणा वाचावी. मग त्याला ‘आवाज येतो का?’ विचारू नये, त्यावर तो हो म्हणेलच. ‘काय ऐकलेस, सांग’ असे विचारावे. जो शब्द तो चुकीचा सांगेल तो कागदावर खोडावा आणि दुसरा घालून पुन्हा वाचावे. एक वाचन घरातल्या बायकांनी स्वयंपाकघरातूनही ऐकावे, कुकरच्या शिट्ट्या चालू असताना. खबर बहुतेक वेळा आधी त्यांच्याच कानी पडते, आणि दुकानावर गेलेल्या माणसाला फोन करून वेळ सांगतात त्याही त्याच.