दुरुस्तीनंतरची रांग: बग खरोखर गेला का?

सॉफ्टवेअरमधला बग दुरुस्त झाल्याचे डेव्हलपर जाहीर करतो तेव्हा तो त्याचा दावा असतो. तो खरा की खोटा हे दुसऱ्या कोणीतरी पाहायचे असते. १९९८ मध्ये मोझिला प्रकल्पासाठी तयार झालेल्या बगझिला या नोंदप्रणालीत म्हणूनच RESOLVED आणि VERIFIED या दोन वेगळ्या अवस्था आहेत. पहिली अवस्था डेव्हलपर लावतो, दुसरी तपासणी झाल्यावर लागते. या दोन अवस्थांच्या मधल्या नोंदी सहज हरवतात. डेव्हलपरच्या यादीतून त्या गेलेल्या असतात आणि टेस्टरच्या यादीत त्या आपोआप येतातच असे नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. वीजबिल भरण्याच्या एका अ‍ॅपमध्ये रक्कम ‘१२५०’ अशी देवनागरी अंकांत टाइप केली की ‘रक्कम चुकीची आहे’ असा संदेश येतो. कारण साधे आहे: रकमेची छाननी फक्त 0 ते 9 हे अंक ओळखते. डेव्हलपर छाननी सुधारतो, सोमवारी बदल मुख्य कोडमध्ये मिसळतो आणि नोंदीवर RESOLVED लावतो. मंगळवारी टेस्टर तोच प्रयोग करतो आणि त्याला तोच संदेश दिसतो. तो नोंद पुन्हा उघडतो, डेव्हलपर वैतागतो. वास्तविक दोघांचेही बरोबर असते. दुरुस्ती ४१५ क्रमांकाच्या बिल्डमध्ये आहे आणि चाचणीच्या फोनवर अजून ४१२ चालू आहे.

यावरचा उपाय म्हणजे मधे आणखी एक अवस्था ठेवणे, उदाहरणार्थ Ready for Retest. दुरुस्ती असलेला बिल्ड चाचणीसाठी प्रत्यक्ष उपलब्ध झाला की मगच ती लावायची. त्याच वेळी नोंदीत दोन गोष्टी भराव्या लागतात: दुरुस्ती कोणत्या बिल्डपासून आहे आणि रीटेस्ट कोण करणार. दुसऱ्या रकान्यात ‘टेस्टिंग टीम’ असे लिहिले तर नोंद तशीच पडून राहण्याची शक्यता मोठी. तिथे एका माणसाचे नाव हवे. बग मूळ ज्याने नोंदवला तोच बहुधा योग्य, कारण तो कसा घडवून आणायचा हे त्याला ठाऊक असते.

एवढे झाले तरी नोंदी साचतात. त्यांचे वय पाहणारा शोध जपून ठेवला तर त्या उघड्या पडतात. जिरा वापरणाऱ्या टीमला तो असा लिहिता येतो:

```
status = "Ready for Retest"
AND NOT status CHANGED AFTER -3d
ORDER BY priority DESC
```

या अवस्थेत येऊन तीन दिवस उलटलेल्या नोंदी यातून समोर येतात. अनेक टीम येथे शेवटच्या बदलाची तारीख, म्हणजे updated, पाहतात आणि फसतात. ‘उद्या बघतो’ एवढी टिप्पणी टाकली तरी ती तारीख ताजी होते आणि महिनाभर रखडलेली नोंद कालची वाटते. अवस्था कधी बदलली हेच पाहायला हवे.

प्रत्यक्ष रीटेस्टमध्ये पहिली पायरी बहुतेक वेळा गाळली जाते. जुन्या बिल्डवर, त्याच फोनवर आणि त्याच कीबोर्डने बग पुन्हा घडवून पाहायचा असतो. ४१२ वर संदेश आलाच नाही, तर ४१५ वर तो न येण्याला काहीच अर्थ नाही. कदाचित कीबोर्डच मुळात इंग्रजी अंक पाठवत असेल. ४१२ वर बग दिसला आणि ४१५ वर गेला, की शेजारची प्रकरणे तपासायची: ‘१२50’ असे मिश्र अंक, दुसरीकडून चिकटवलेली रक्कम, पावतीवर उमटलेला आकडा. या ओघात मोबाइल क्रमांकाच्या रकान्यातही हाच दोष सापडला, तर त्यासाठी नवी नोंद करावी. जुनी नोंद पुन्हा उघडली की एका क्रमांकाखाली दोन बग राहतात आणि पुढे कोणता सुटला ते कळेनासे होते.

निकाल लिहिताना ‘चालते’ हा शब्द निरुपयोगी आहे. ‘बिल्ड ४१५, अँड्रॉइड फोन, १२५० देवनागरीत टाइप केले, भरणा झाला, पावतीवर १२५०’ असे लिहिले की पुढच्या माणसाला विचारावे लागत नाही.

काही बग चाचणीच्या यंत्रणेत घडवताच येत नाहीत. शेवटच्या तारखेच्या गर्दीतच सर्व्हर अडखळत असेल तर तिथे रीटेस्ट अशक्य. अशा नोंदीला VERIFIED लावू नये. कोणत्या लॉगमध्ये काय दिसायला हवे आणि ते कोणत्या तारखेला पाहायचे, हे तिच्यात लिहून ती उघडी ठेवावी.

रिलीजपूर्वी हीच यादी शेवटची पाहिली जाते आणि तिथे आणखी एक गफलत निघते. रिलीजची शाखा वेगळी काढलेली असेल, तर मुख्य कोडमधली दुरुस्ती तिच्यात आपोआप जात नाही. ४१५ वर तपासलेला बग ग्राहकाच्या फोनवर जसाच्या तसा पोहोचू शकतो. त्यामुळे रिलीजसाठी निवडलेल्या बिल्डवर त्या बगची तपासणी पुन्हा करावी लागते.