दुसऱ्या टीममधल्या इंजिनिअरला जोडीला बोलावताना

पेअर प्रोग्रामिंगमध्ये दोन इंजिनिअर एकाच कोडवर एकाच वेळी काम करतात. एक टाइप करतो. दुसरा ओळ न् ओळ वाचत पुढचा विचार करतो, आणि थोड्या वेळानं दोघं जागा बदलतात. केंट बेक यांच्या १९९९ सालच्या ‘एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग’वरच्या पुस्तकामुळे ही पद्धत सर्वदूर पोचली. आपल्याच टीममध्ये असं बसायला शेजारची खुर्ची ओढली की झालं. दुसऱ्या टीममधल्या माणसाला मात्र स्वतःचं काम बाजूला ठेवून यावं लागतं, म्हणून त्याला आधी नीट लिहून विचारावं.

समजा, खरेदीच्या ॲपमध्ये एका ऑर्डरचे पैसे कधीकधी दोनदा कापले जातात. ऑर्डरचा कोड आपल्याकडे, पैशांचा पेमेंट टीमकडे. ‘पेमेंटबद्दल जरा बोलायचंय’ एवढ्याच निरोपावरून समोरच्याला काहीच ठरवता येत नाही. त्याऐवजी असं लिहावं:

‘पेमेंटचं उत्तर ५ सेकंदांत आलं नाही, की आमचा कोड तीच मागणी पुन्हा पाठवतो आणि पैसे दोनदा कापले जातात. हे दाखवणारी टेस्ट तयार आहे. दोन्ही मागण्या एकाच व्यवहाराच्या आहेत हे तुमच्या सर्व्हिसला कसं कळतं, ते तुमच्यासोबत बसून पाहायचंय. गुरुवारी ३ ते ४.३० जमेल का? व्हीएस कोडचं लाइव्ह शेअर आणि कॉल वापरू. हा भाग दुसरं कोणी पाहत असेल, तर नाव सांगा.’

यात काय घडतं ते सांगितलंय. दोष कोणाचा, ते नाही. माझ्या मते सगळ्यात मोलाचं वाक्य शेवटचं आहे, कारण चुकीच्या माणसाचे दीड तास त्यानं वाचतात.

लाइव्ह शेअर सुचवण्यालाही कारण आहे. कोड आपल्याच मशीनवर चालतो, पाहुण्याला तो उतरवून घ्यावा लागत नाही. पण उघडलेल्या फोल्डरमधला कोड त्याला दिसतो. म्हणून कंपनीची परवानगी आदल्या दिवशीच पाहावी आणि पासवर्ड असलेल्या फायली त्या फोल्डरमध्ये ठेवू नयेत. आपली टेस्ट दर वेळी त्याच जागी फेल होते ना, हेही तपासावं. नाहीतर पहिला अर्धा तास मांडामांडीतच जातो.

या उदाहरणातलं कारण पाहुण्याला लवकर दिसू शकतं. मागणीसोबत `Idempotency-Key` नावाची एक खूण जाते. तीच खूण पुन्हा आली, की पेमेंट सर्व्हिस पैसे दुसऱ्यांदा कापत नाही, पहिलंच उत्तर परत देते. आपला कोड मात्र प्रत्येक प्रयत्नाला नवी खूण बनवत होता. ती प्रयत्नांच्या लूपबाहेर, ऑर्डरमागे एकदाच बनवली, की टेस्ट पास होते.

दीड तासात उत्तर सापडलं नाही, तरी ठरल्या वेळी थांबा. काय तपासलं आणि कुठे अडलं, ते तिकिटावर लिहा, आणि पुढची वेळ नव्यानं विचारून घ्या.