नव्वद टक्के कमी, पण कशाच्या?

चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या इथल्या कारखान्यांत क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी जे रिझ्युमे येतात, त्यांतलं एक वाक्य हमखास सापडतं : ‘रिजेक्शन ९० टक्क्यांनी कमी केलं.’ त्याच्या आसपास ‘सेव्हन क्यूसी टूल्स’, ‘एट-डी’, ‘काइझेन’, ‘फाइव्ह-व्हाय’ ही नावं ओळीनं मांडलेली असतात आणि शेवटी ‘ऑडिट यशस्वीरीत्या पार पाडलं’ असं असतं. वाचणारा क्वालिटी मॅनेजर स्वतः याच शॉप फ्लोअरवर वाढलेला असतो. त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो : नव्वद टक्के, पण कशाचे?

रिजेक्शन दोन जागी मोजलं जातं. एक कारखान्याच्या आत, लाइनवर. ते टक्क्यांत सांगतात, कारण शंभरातले एक-दोन पीस बाद होणं तिथे नवलाचं नसतं. दुसरं ग्राहकाच्या दारात. ते पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख पिसांमागे किती परत आले यात मोजतात. हिशेब सोपा आहे : परत आलेले पीस भागिले पाठवलेले पीस, गुणिले दहा लाख. पण या दोन्हींचा अर्थ अगदी वेगळा. आतलं रिजेक्शन वाढलं तर भंगार वाढतं; बाहेरचं वाढलं तर ग्राहकाची लाइन थांबते. आतली तपासणी कडक केली की बाहेरचा आकडा उतरतो आणि आतला चढतो. अशा वेळी फक्त उतरलेला आकडा लिहिणारा उमेदवार खोटं बोलत नसतो, पण अर्धंच सांगत असतो.

रिझ्युमेतल्या एका ओळीमागे काय काय असावं लागतं, हे एका प्रसंगातून पाहू. हा प्रसंग आणि त्यातले आकडे समजण्यासाठी रचलेले आहेत. त्यामागचं पदार्थविज्ञान मात्र खरं आहे.

समजा, एका कारखान्यात अ‍ॅल्युमिनियमच्या कास्टिंगला सीएनसी मशीनवर २२ मिलिमीटरचं बोअर होतं. ड्रॉइंगवर टॉलरन्स एच-७, म्हणजे बोअर २२.००० ते २२.०२१ मिलिमीटरच्या आत हवं. मुभा फक्त २१ मायक्रॉनची. एप्रिल ते जून या तिमाहीत ३,६०,००० पीस गेले आणि ९० परत आले. पीपीएम २५०. तक्रार एकच : बोअर टाइट आहे, पिन बसत नाही. चमत्कारिक गोष्ट ही की, कारखान्याच्या नोंदीत हे सगळे पीस ओके होते. प्लग गेजची ‘गो’ बाजू त्यांत सहज गेली होती. ग्राहकाकडे मात्र तीच बाजू आत शिरत नव्हती.

अशा वेळी पहिली धाव गेजकडे जाते. गेज कॅलिब्रेट केलेला होता. गेज आर अँड आरचा निकालही दहा टक्क्यांच्या आत, म्हणजे चांगला. पण ही चाचणी सांगते ते इतकंच, की दोन-तीन माणसांनी तोच पीस पुन्हापुन्हा मोजला तर उत्तर किती हलतं. सगळ्यांचं उत्तर एकाच बाजूला सारखंच चुकत असेल, तर ते तिला कळत नाही. इथे नेमकं तेच होत होतं.

परत आलेल्या पिसांवरचे तारीख-शिफ्टचे कोड लावून पाहिल्यावर धागा सापडला. बहुतेक पीस दुपारच्या शिफ्टचे होते. मग मशीनवरून उतरताक्षणी ३० पिसांवर नंबर टाकून ते मोजले आणि थंड झाल्यावर तेच पुन्हा मोजले. प्रत्येक पीस लहान झाला होता, एकही मोठा झाला नव्हता. हिशेबही जुळतो. अ‍ॅल्युमिनियम एका अंश सेल्सिअसला दर मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन फुगतं. २२ मिलिमीटरचं बोअर दहा अंशांनी गरम असेल, तर ते सुमारे ५ मायक्रॉन मोठं दिसतं. टॉलरन्सच्या जवळपास पाव भाग तिथेच गेला. मापनाचं प्रमाण तापमान २० अंश ठरलेलं आहे आणि ग्राहकाची मेट्रॉलॉजी रूम त्याच्या आसपास असते. मे महिन्यातला पत्र्याखालचा शॉप फ्लोअर नसतो.

आता कारण आणखी खाली न्यायचं. टूलची धार झिजते तसं बोअर हळूहळू लहान होत जातं, आणि ऑपरेटर ऑफसेट देऊन ते भरून काढतो. गरम पिसाचं माप मोठं दिसल्यामुळे तो ऑफसेट उशिरा देत होता. चूक घडली ती अशी. ती सुटली, कारण अंतिम तपासणीही मशीनशेजारी, पीस गरम असतानाच होत होती. आणि दोन्ही शक्य झालं, कारण कंट्रोल प्लॅनमध्ये ‘पीस थंड झाल्यावर मोजावा’ असं कुठेही लिहिलेलं नव्हतं.

घडली का आणि सुटली का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. १९८७ साली फोर्ड कंपनीनं पुस्तिकेच्या रूपात आणलेली एट-डी पद्धत वाहन उद्योगात रुळली. तिच्या चौथ्या पायरीवर आज ग्राहक या दोन्ही प्रश्नांची वेगवेगळी उत्तरं मागतात. रिझ्युमेत मात्र बहुधा तिसरी पायरीच शेवटची म्हणून मिरवते. तिसरी पायरी म्हणजे आग विझवणं : गोदामातला माल अडवून प्रत्येक पीस तपासणं. ‘शंभर टक्के तपासणी सुरू करून तक्रारी शून्यावर आणल्या’ ही ओळ जाणकाराला सांगते, की मूळ कारण अजून मशीनवरच बसलेलं आहे आणि कंपनी रोज तपासणीचा पगार भरते आहे.

आपल्या प्रसंगात उपाय साधे होते. तपासणीचा नमुना आधी खोलीच्या तापमानाच्या पाण्यात ठेवायचा, पुसायचा, मग मोजायचा. गेज शून्यावर आणण्याची मास्टर रिंग त्याच जातीच्या अ‍ॅल्युमिनियमची करून पिसांशेजारीच ठेवायची. अंतिम तपासणी रॅकवर थंड झालेल्या मालाची. शॉप फ्लोअर वातानुकूलित नसल्यानं काही मायक्रॉनचा फरक उरणारच, म्हणून ऑफसेटचं लक्ष्य टॉलरन्सच्या मध्यापेक्षा थोडं वर सरकवलं. कारण खरंच हेच होतं का, हे पाहायला एका शिफ्टला जुन्या पद्धतीनं काम करून तो माल बाजूला ठेवला. टाइट बोअर पुन्हा दिसू लागले. नवी पद्धत लावली, गेले. कारण हातानं चालू-बंद करता येणं हा फिशबोनच्या कागदापेक्षा कितीतरी पक्का पुरावा असतो.

आणि इथेच आकड्यांचा सापळा आहे. एप्रिल-जूनची तुलना ऑक्टोबर-डिसेंबरशी केली असती, तर काहीही न करता तक्रारी उतरल्या असत्या; थंडीनंच ते काम केलं असतं. म्हणून पुढच्या वर्षीची एप्रिल-जून तिमाहीच घ्यायला हवी. समजा त्या तिमाहीत ३,७५,००० पीस गेले आणि ९ परत आले. पीपीएम २४. आता नव्वद टक्के म्हणायला हरकत नाही.

रिझ्युमे इंग्रजीतच जातो, पण ही ओळ मराठीत लिहिली तर साधारण अशी होईल : ‘अ‍ॅल्युमिनियम हाउसिंगच्या बोअरची ग्राहक-तक्रार २५० पीपीएमवरून २४ वर, दोन वर्षांच्या एप्रिल-जून तिमाहींची तुलना, दर तिमाहीला साडेतीन लाखांवर पीस. कारण : गरम पिसांचं मापन. थंड-गरम मोजणी आणि कारण चालू-बंद करून पडताळणी. कंट्रोल प्लॅनमध्ये बदल.’ ओळ जरा लांब झाली तरी चालेल. ‘एट-डी’ हा शब्द तिच्यात नाही, आणि त्याची उणीवही भासत नाही. मुलाखत घेणाऱ्याला मात्र विचारायला चार प्रश्न मिळाले, आणि चारही उमेदवाराच्या घरच्या मैदानावरचे.

लहान संख्यांपाशी जास्त सावध राहावं लागतं. महिन्याला ५,००० पीस जात असतील तर एक पीस परत आला की पीपीएम २००, नाही आला की शून्य. ‘२०० वरून शून्यावर’ हे तिथे यश नसून योगायोग असू शकतो. अशा ठिकाणी पीपीएम लिहूच नये. ‘वर्षात सात तक्रारी होत्या, पुढल्या वर्षी एक’ असं सरळ लिहिलेलं बरं.

ऑडिटच्या ओळीत वेगळीच गंमत होते. ‘आयएटीएफ ऑडिटमध्ये ९८ टक्के गुण’ असं काही जण लिहितात. आयएटीएफ १६९४९ हे वाहन उद्योगाचं गुणवत्ता-व्यवस्थेचं मानक आहे, २०१६ साली आलेलं. त्याच्या प्रमाणपत्राच्या ऑडिटला गुणच नसतात. तिथे निघतात त्या मेजर किंवा मायनर नॉन-कन्फॉर्मिटी, ज्यांना शॉप फ्लोअरवर सगळे एनसी म्हणतात. गुण असतात ते जर्मन व्हीडीए ६.३ या प्रोसेस ऑडिटला. ९० टक्के आणि वर ‘ए’ श्रेणी, ८० ते ९० मध्ये ‘बी’, त्याखाली ‘सी’. ग्राहक कंपन्यांच्या स्वतःच्या ऑडिटलाही गुण असू शकतात, पण मग ते कोणत्या प्रकारचं ऑडिट होतं ते लिहायला हवं. दोघांची गल्लत झाली, की उमेदवार ऑडिटच्या वेळी खोलीत होता की चहाच्या टपरीवर, अशी शंका येते.

‘शून्य एनसी’ हाही वाटतो तेवढा भारी दावा नाही. ऑडिट हा नमुना असतो. ऑडिटरनं ती लाइन पाहिलीच नसेल. त्यापेक्षा निघालेली एनसी कशी बंद केली, हे जास्त सांगून जातं. उदाहरणार्थ : ‘कॅलिब्रेशनची मुदत संपलेला गेज लाइनवर सापडला, मायनर एनसी. मुदतीआधी गेज परत मागवण्याची व्यवस्था बसवली, इतर तीन लाइनवरही लावली. पुढच्या सर्व्हेलन्स ऑडिटमध्ये ती पुन्हा निघाली नाही.’ यात चूक कबूल आहे, पण मॅनेजरला चुकीपेक्षा ‘इतर तीन लाइनवरही’ हे शब्द आधी दिसतात.

एवढं सगळं लिहिताना ग्राहकाचं नाव, पार्ट नंबर आणि ड्रॉइंग बाहेरच ठेवावं लागतं. बहुतेक कारखान्यांनी ग्राहकाशी गोपनीयतेचा करार केलेला असतो, आणि एट-डी रिपोर्टचा फोटो मोबाइलवर दाखवणारा उमेदवार उद्या इथला रिपोर्टही दाखवेल, हे समोरच्याला लगेच सुचतं. ‘एक चारचाकी उत्पादक’, ‘ब्रेकचा अ‍ॅल्युमिनियम भाग’ एवढी ओळख पुरते. टक्के आणि पीपीएम चालतात. पिसाची किंमत नको.

राहिला ‘मी’ आणि ‘आम्ही’चा प्रश्न. एट-डी टीमनंच करायची असते, त्यामुळे सगळं ‘मी केलं’ म्हटलं तर कुणी विश्वास ठेवत नाही आणि सगळं ‘आम्ही’ म्हटलं तर उमेदवार दिसत नाही. वरच्या प्रसंगात पाण्याच्या टाकीची कल्पना ऑपरेटरची असू शकते, मास्टर रिंग टूल रूमनं बनवलेली असते. क्वालिटी इंजिनिअरनं केलं ते एवढंच : परत आलेल्या पिसांचे शिफ्ट कोड लावले आणि ३० पीस दोनदा मोजले. रिझ्युमेत तेवढंच स्वतःच्या नावावर लिहावं.