घरभाडे पावतीचे वाचन : घरमालकाचे नाव, कालावधी आणि रक्कम

जुन्या करप्रणालीनुसार कर भरणाऱ्या प्राध्यापकास घरभाडे भत्त्यावर आयकरात सवलत मिळते. नवीन प्रणालीत ही सवलत नाही. दाव्यासोबतच्या पावत्यांतून महाविद्यालयाच्या कार्यालयास घरमालकाचे नाव, भाड्याचा कालावधी आणि रक्कम या तीन बाबी टिपाव्या लागतात. कोल्हापुरातील एका पावतीचे काल्पनिक उदाहरण घेऊन या वाचनातील अडचणी प्रस्तुत लेखात स्पष्ट केल्या आहेत.

पावतीवरील मजकूर असा : ‘दि. ५ सप्टेंबर. श्री. अ यांजकडून माहे जून ते ऑगस्ट घरभाडे व लाईट बिलापोटी रु. २९,४००/- रोख मिळाले. पैकी लाईट बिल रु. २,४००/-.’ खाली रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही आहे.

घरमालकाचे नाव : मजकुरात प्रथम येणारे ‘यांजकडून’पूर्वीचे नाव भाडेकरूचे असते. घरमालकाचे नाव सहीजवळ शोधावे. सहीपूर्वी ‘करिता’ असल्यास सही करणारी व्यक्ती मालक नसून प्रतिनिधी असते. वार्षिक भाडे एक लाख रुपयांहून अधिक असल्यास घरमालकाचा पॅन क्रमांक द्यावा लागतो. तेव्हा टिपलेले नाव पॅनवरील नावाशी जुळले पाहिजे.

कालावधी : ५ सप्टेंबर हा पैसे मिळाल्याचा दिनांक आहे. भाड्याचा कालावधी ‘माहे’नंतर येतो. तो १ जून ते ३१ ऑगस्ट असा आरंभ व अखेर दाखवून लिहावा. पुढील पावती ‘ऑगस्ट ते ऑक्टोबर’ अशी असल्यास ऑगस्टची पुनरुक्ती त्यामुळे लगेच लक्षात येते.

रक्कम : वीजबिल हे भाडे नव्हे. २९,४०० मधून २,४०० वजा जाता २७,००० रुपये, म्हणजे दरमहा ९,००० रुपये भाडे ठरते. अनामत रकमेलाही हाच न्याय लागू होतो.

या चुकीचा परिणाम गणितात दिसतो. मूळ वेतन ४०,०००, निवृत्तिवेतनासाठी गणला जाणारा महागाई भत्ता २०,००० आणि घरभाडे भत्ता ८,००० रुपये आहे असे समजू. सवलत तीन रकमांपैकी सर्वांत कमी रकमेइतकी मिळते : प्रत्यक्ष भत्ता ८,०००; भाड्यातून वेतनाचे दहा टक्के म्हणजे ६,००० वजा जाता ३,०००; आणि कोल्हापुरासाठी वेतनाचे चाळीस टक्के म्हणजे २४,०००. सवलत दरमहा ३,००० रुपये होते. वीजबिलासह ९,८०० रुपये भाडे धरल्यास ती ३,८०० होईल. दुसरी रक्कम सर्वांत कमी असेपर्यंत पावतीवर जास्त वाचलेला प्रत्येक रुपया जसाच्या तसा सवलतीत उतरतो, आणि पुढे तपासणीत तो करपात्र ठरल्यास करासह व्याजाचा भार प्राध्यापकावर येतो.

सारांश, पावतीवरील ठळक नाव, दिनांक आणि बेरीज या तीनही गोष्टी दाव्यात जशाच्या तशा नोंदविणे चुकीचे ठरू शकते. घरमालकाने भाडे व वीजबिल यांच्या स्वतंत्र पावत्या दिल्यास ही अडचण मुळातच टळते.